समुपदेशकाला राग येतो तेव्हा

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शिकवलं जातं की समोरच्याचं शांतपणे ऐकायचं, त्याला नावं ठेवायची नाहीत, आपलं मत त्याच्यावर लादायचं नाही. पुढच्या वर्षी खरे क्लायंट समोर येऊन बसतात आणि अशी एक अडचण सुरू होते, जी वर्गात सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते. एखाद्या क्लायंटचा चक्क राग येतो. एखाद्याच्या सेशनमध्ये जांभया आवरत नाहीत आणि त्याचा ‘आज येत नाही’ असा निरोप आला की हायसं वाटतं. उलट एखादी मुलगी घरी नेऊन जेवू घालावी इतकी आपली वाटू लागते. बहुतेक विद्यार्थी यातून एकच अर्थ काढतात, की आपण या कामाच्या लायकीचे नाही. मग सुपरव्हायझरपुढे जी टिपणं जातात, त्यांतून नेमकं हेच गाळलेलं असतं.

फ्रॉइडपासून निघालेल्या सायकोडायनॅमिक उपचारपद्धतीत मात्र हीच गाळलेली ओळ सर्वांत आधी वाचली जाते. लहानपणी घरातल्या मोठ्या माणसांशी जसं नातं जुळलं, त्याचा साचा मनात राहतो आणि क्लायंट नकळत तो समुपदेशकावर बसवतो. त्याच्याकडून तीच भीती, तीच अपेक्षा, तोच रुसवा. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. त्यावर समुपदेशकाच्या मनात जे उठतं, ते काउंटरट्रान्सफरन्स. व्याख्या दोन ओळींत संपतात. कठीण असतं ते चालू सेशनमध्ये या गोष्टी ओळखणं, आणि ओळखल्यावर त्यांचं काय करायचं ते ठरवणं.

खुद्द फ्रॉइडला ते वेळेवर ओळखता आलं नव्हतं. 1900 च्या ऑक्टोबरात व्हिएन्नातली अठरा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे उपचारांसाठी येऊ लागली. तिच्यावरच्या लेखात त्याने तिला ‘डोरा’ असं नाव दिलं. वडिलांच्या एका मित्राने, ज्याला फ्रॉइड ‘हेर के’ म्हणतो, तिच्याशी लगट केली होती. तिने घरी सांगितलं तर वडिलांनी विश्वास ठेवला नाही. वडिलांचे त्याच मित्राच्या पत्नीशी संबंध होते, आणि मुलीला जरा समजावून सांगा म्हणून तिला फ्रॉइडकडे आणणारेही तेच. 31 डिसेंबरला डोरा म्हणाली, आज माझा शेवटचा दिवस. केव्हा ठरवलं, असं विचारल्यावर म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. हे तर घरकामाची बाई किंवा मुलांची दाई नोटीस देते तसं झालं, असं फ्रॉइड बोलून गेला. त्यावर तिला आठवलं, की हेर केच्या घरातल्या दाईनेही अशीच नोटीस दिली होती, कारण त्याने तिच्याशीही तेच केलं होतं.

ही हकिकत 1905 मध्ये छापताना फ्रॉइडने शेवटी लिहिलं की ट्रान्सफरन्स आपल्या वेळेत ध्यानात आला नाही. खुणा आधीपासून होत्या. डोराला एका स्वप्नातून जागं झाल्यावर धुराचा वास यायचा. वडील, हेर के आणि फ्रॉइड तिघेही धूम्रपान करणारे. हेर केवर काढता न आलेला राग तिने फ्रॉइडला सोडून जाऊन काढला. इथवरचं विश्लेषण त्याचं स्वतःचं. पुढचं त्याच्या टीकाकारांनी केलं आणि मला ते पटतं: तुझं हेर केवर प्रेमच होतं, असं फ्रॉइड तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तिच्यावर विश्वास न ठेवणाऱ्या पुरुषांत तो स्वतःच जाऊन बसला होता. डोराने त्याच्यावर जे लादलं ते खरं, पण लादून घ्यायला तोही तयार होता.

1910 साली न्यूरेंबर्गच्या अधिवेशनात फ्रॉइडने काउंटरट्रान्सफरन्सचा जाहीर उल्लेख केला, तो अडथळा म्हणून. विश्लेषकाने तो स्वतःत ओळखावा आणि दूर करावा. पुढची चार दशकं साधारण हाच सूर राहिला. मग बर्लिनहून लंडनला आलेल्या पॉला हायमन यांनी 1949 मध्ये झुरिकला वाचलेल्या आणि पुढच्या वर्षी छापलेल्या एका छोट्या निबंधात तो सूर बदलला. विश्लेषकाच्या मनात उठणारी भावना हे रुग्णाचं मन समजून घेण्याचं साधन आहे, असं त्यांनी मांडलं. ते साधन बेफाम वापरलं जाईल याचीही त्यांना काळजी होती, म्हणून त्यांचा आग्रह असा की भावना उमटल्याबरोबर ती बोलून वा वागून मोकळं व्हायचं नाही, आधी ती धरून ठेवायची आणि तपासायची.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, हे दाखवायला मी एक उदाहरण रचलं आहे. माणसं आणि नावं काल्पनिक आहेत.

मेघना सत्तावीस वर्षांची. समुपदेशनाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संस्थेच्याच केंद्रात सुपरव्हिजनखाली क्लायंट बघते, आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं. नीलेश एकतीस वर्षांचा, एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात. त्याला झोप लागत नाही, साहेबांसमोर तोंड उघडत नाही आणि बढतीही त्यापायी हुकली. वडील तालुक्याच्या गावी गणिताचे शिक्षक होते. रोज संध्याकाळी नीलेशची वही तपासायचे, एक गणित चुकलं की अख्खं पान पुन्हा. नीलेश कधी उलटून बोलला नाही. हो म्हणायचा, वही घेऊन बसायचा आणि तासभर पेन न हलवता तसाच राहायचा. हे त्याने दुसऱ्याच सेशनमध्ये सांगितलं होतं आणि मेघनाच्या टिपणात आहे.

पहिली तीन सेशन तिला छान वाटली. ती काहीही म्हणाली की नीलेशचं उत्तर ठरलेलं: “हो मॅडम, बरोबर आहे. तुम्ही सांगाल तसं करतो.” चौथ्या सेशनमध्ये तिने त्याला झोपेची डायरी लिहायला सांगितली, किती वाजता पडलो, किती वाजता जाग आली, एवढंच. पाचव्या वेळी तो डायरी घरी विसरला. सहाव्या वेळी आणली ती कोरी. सातव्या वेळी चौदा रात्री भरलेल्या होत्या, एकाच पेनने, एकाच बैठकीत. मेघनाच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, “सॉरी मॅडम.” ती म्हणाली, “हे तुम्ही माझ्यासाठी करत नाही आहात, स्वतःसाठी करताय. तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?” उरलेला वेळ तो मान खाली घालून बसला. त्या संध्याकाळी मेघनाच्या मनात आलं, पुढच्या आठवड्यात नाही आला तर बरं.

सुपरव्हिजनमध्ये टिपणं शब्दशः आणावी लागतात. क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, असं आठवेल तेवढं सगळं, आणि शेजारच्या रकान्यात त्या क्षणी मला काय वाटलं ते. मेघनाचा हा दुसरा रकाना जवळपास रिकामा होता. सरांनी तिला डायरीचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं, तेव्हा ज्या आवाजात म्हणाली त्याच आवाजात. तिने वाचलं आणि स्वतःच हसली. “सर, हे तर मास्तरीणबाईंसारखं वाटतंय.”

“नीलेशशी घरी असं कोण बोलायचं?”

उत्तर तिच्याच वहीत, पाच सेशन मागे लिहिलेलं होतं.

सरांनी मग आणखी मागे जाऊन विचारलं, की मुळात डायरी दिलीच का. वर्तनोपचारात अशी डायरी नेहमी देतात आणि तिथे ती योग्यच असते. पण या केंद्रात, या पद्धतीत मेघना इतर कुणालाही घरी करायचं काम देत नव्हती. नीलेश प्रत्येक वाक्याला मान डोलवत ‘आता पुढे काय करू’ अशा नजरेने बघायचा, आणि तिसऱ्या सेशनपर्यंत तिला वाटू लागलं होतं की काहीतरी सांगितलं पाहिजे. शाळा तिथेच भरली होती; राग नंतर आला. लंडनचे विश्लेषक जोसेफ सँडलर यांनी 1976 मध्ये हेच एका रुग्णावरून समजावलं होतं. आपण या माणसाशी नेहमीपेक्षा जास्त बोलतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. शोध घेतल्यावर दिसलं, की तो रुग्ण प्रत्येक वाक्याचा शेवट किंचित प्रश्नार्थक करायचा, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटायचं. वडील आत्ता रागावलेले आहेत की नाही, हे बोलतं ठेवून चाचपायची ती लहानपणची सवय होती. रुग्ण आपल्याला एक भूमिका देऊ करतो आणि आपण ती पुरती कळायच्या आधीच वठवायला लागलेले असतो, असं सँडलर म्हणतात.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि नवशिके त्यात हमखास पडतात. ‘मला राग आला म्हणजे तो त्यानेच माझ्यात उत्पन्न केला’ असं म्हटलं की समुपदेशक स्वतः सुटतो आणि सगळा भार क्लायंटवर जातो. म्हणून सरांनी तीन साध्या गोष्टी तपासायला लावल्या. असाच राग मेघनाला इतर क्लायंटांचा येतो का? तो नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला? आणि नीलेशच्या आयुष्यात आणखी कुणाला त्याचा असाच राग येतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट होतं. ऑफिसातले साहेबही सुरुवातीला त्याच्याशी बरे होते. काम मागितलं की ‘हो सर’ आणि मुदत संपली की ‘सॉरी सर’, असं वर्षभर चालल्यावर ते त्याच्या अंगावर ओरडू लागले. वडील, साहेब, मेघना: तिन्ही ठिकाणी तेच. डेव्हिड मलान यांनी हा त्रिकोण काढूनच शिकवलं आहे. एका टोकाला जुनं नातं, दुसऱ्याला आजचं, तिसऱ्याला उपचाराच्या खोलीतलं. तिन्ही टोकं जुळत नसतील तर ट्रान्सफरन्सचं नाव घ्यायची घाई करू नये.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मेघनाला वेळ लागला. इतर क्लायंटांचा तिला राग येत नव्हता, पण धाकट्या भावाचा यायचा. त्याचा दहावीचा अभ्यास आईने तिच्यावर सोपवला होता आणि त्याला गुण कमी पडले तेव्हा बोलणी हिला बसली. समोरच्याने काम केलं नाही की ‘आता ठपका माझ्यावर’ ही धाकधूक तिची स्वतःची होती, नीलेशचा तिच्याशी काही संबंध नव्हता. त्या धाकधुकीमुळे तिचा आवाज इतका चढला. भाऊ नसलेली एखादी समुपदेशकही नीलेशवर वैतागली असती, पण बहुधा सातव्या सेशनमध्ये नाही आणि इतक्या धारदारपणे नाही.

एक गोष्ट मात्र यात धरायची नाही, ती ‘मॅडम’ हा शब्द. आपल्याकडे क्लायंट समुपदेशकाला मॅडम, सर, ताई म्हणणारच. काही जण वाकून नमस्कारही करतात. भारतीय रुग्ण उपचारकाकडे गुरूकडे पाहावं तसं पाहतो आणि मार्ग दाखवण्याची अपेक्षा ठेवतो, हे सुधीर कक्कर यांनी विस्ताराने लिहिलं आहे. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून प्रत्येक नमस्कारात दडलेला बाप शोधणं हास्यास्पद होईल. नीलेशच्या बाबतीत खूण ही होती की सात आठवड्यांत त्याच्याकडून होकाराखेरीज काहीच आलं नव्हतं, आणि कृती दर वेळी त्या होकाराच्या उलट होती.

आता हे त्याला सांगायचं कसं? मेघनाचा पहिला मसुदा होता: “तुम्ही मला तुमच्या वडिलांच्या जागी बघताय.” सरांनी तो खोडला. एकतर हा आरोप आहे. दुसरं, त्यात मेघना कुठेच नाही. डायरी तपासणारी ती, आणि बघण्यात चूक त्याची. बरीच खटपट करून आठव्या सेशनसाठी जे ठरलं ते असं: “गेले काही आठवडे मी डायरी तपासते आणि तुम्ही सॉरी म्हणता. इथे आपल्या दोघांत शाळेसारखं काहीतरी सुरू झालंय, असं मला वाटतंय. त्यात मीही आहे. तुम्हाला काय वाटतं?” आपल्याला राग आला होता हे तिने सांगितलं नाही. स्वतःची भावना उघड करणारे समुपदेशक असतात आणि कधीकधी ते योग्यही ठरतं, पण आधीच भेदरलेल्या माणसाला ‘मला तुमचा राग आला होता’ हे ऐकवून त्याच्याकडून आणखी एक सॉरी तेवढी मिळाली असती.

नीलेश लगेच म्हणाला, “हो मॅडम, अगदी बरोबर! अगदी वडिलांसारखंच आहे हे.” मेघना खूश झाली. सर झाले नाहीत. आज्ञाधारक माणसाने दिलेला हा आणखी एक होकार होता. वही तपासायला आणून दिली, इतकंच. आपण सांगितलेला अर्थ रुग्णाने मान्य केला एवढ्यावरून तो खरा ठरत नाही आणि नाकारला म्हणून खोटाही ठरत नाही, असं फ्रॉइडने 1937 च्या निबंधात लिहून ठेवलं आहे. बघायचं ते त्यानंतर काय उगवतं ते. आजवर न आलेली आठवण येते का, बोलण्याची तऱ्हा बदलते का, की गाडी आहे तिथेच उभी राहते?

नवव्या सेशनला नीलेश वीस मिनिटं उशिरा आला, पहिल्यांदाच. ट्रॅफिक होतं म्हणाला. मेघनाने कारणाची उलटतपासणी केली नाही. “आज यावंसं वाटलं नसेल, तर तेही इथे बोलता येईल,” एवढंच म्हणाली. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “खरं सांगू का? तुम्ही डायरी दिली तेव्हाच मला राग आला होता. मला झोप येत नाही म्हणून मी इथे आलो, आणि तुम्ही मलाच कामाला लावलंत.” या वाक्यात मॅडम नव्हतं.

अशा वेळी समुपदेशकाच्या हातून दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे डायरी का आवश्यक होती याचा खुलासा सुरू करणं. दुसरी, इतकी माफी मागणं की रागावलेल्या माणसालाच समजूत काढावी लागेल. मेघनाने विचारलं, “हे तेव्हाच बोलला असतात तर काय झालं असतं, असं वाटलं?” तो म्हणाला, “तुम्ही म्हणाला असता, मग येऊ नका.” आणि मग आठवीतली एक गोष्ट आली, आधी कधी न सांगितलेली. एकदा त्याने वडिलांना ‘मला नाही करायचं’ असं म्हटलं होतं. वडील ओरडले नाहीत. त्यांनी कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणंच बंद केलं, जेवतानासुद्धा. नीलेश ओरडा खायला घाबरतो असं मेघना धरून चालली होती. तो अबोल्याला घाबरत होता. ओरडा त्याला चालत होता, कारण ओरडणारा माणूस निदान बोलत तरी असतो. साहेबांना चिडेपर्यंत ताणण्यामागचा अर्थ आता वेगळा दिसू लागला.

हे सगळ्यांसाठी आणि सारख्याच प्रमाणात करायचं नसतं. ट्रान्सफरन्सकडे वारंवार बोट दाखवलं की रुग्णाला टोचल्यासारखं होतं आणि परिणाम उलटाही होतो, असं काही संशोधनांत दिसलं होतं. नॉर्वेत पेर होग्लेंड आणि सहकाऱ्यांनी 100 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून वर्षभर दर आठवड्याला सायकोडायनॅमिक उपचार दिले. एका गटात खोलीतल्या नात्याबद्दल थेट बोललं जाई, दुसऱ्यात ते टाळलं जाई. 2006 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सरासरी काढली तर दोन्ही गट सारखेच सुधारले. पण ज्यांना आयुष्यभर जवळची, टिकाऊ नाती जमली नव्हती, त्यांना थेट बोलण्याचा फायदा अधिक झाला. जुनी समजूत याच्या उलट होती, की असं बोलणं नाती चांगली असणाऱ्यांनाच पेलतं. अर्थात हे अनुभवी, प्रशिक्षित थेरपिस्टांचे आकडे आहेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यावरून धीट होऊ नये.

शिवाय प्रत्येक नाराजी जुनी नसते. समुपदेशक खरोखरच दहा मिनिटं उशिरा आला, मागच्या वेळी सांगितलेलं विसरला, शेजारच्या खोलीतला आवाज आत येतो, तर क्लायंटची चीड ही सरळसरळ आजची चीड आहे. तिला ‘तुमच्या आईवरचा राग’ म्हणणं म्हणजे स्वतःची चूक त्याच्या बालपणात लपवणं.

राहिला मेघनाच्या भावाचा विषय. सुपरव्हिजनमध्ये तो निघाल्यावर तिचे डोळे भरून आले आणि ती आईबद्दल बोलू लागली. सरांनी ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने तिथेच थांबवलं. नीलेशच्या कामावर त्याची सावली किती पडते, एवढं बघणं त्यांचं काम. त्यापुढचं तिने स्वतःच्या थेरपीत न्यायचं. सायकोडायनॅमिक प्रशिक्षणात स्वतःची थेरपी घ्यायला लावतात ती याचसाठी. मेघनाने तिच्या थेरपिस्टची पुढची वेळ घेतली, आणि दहाव्या सेशनच्या टिपणात दुसरा रकाना भरायला सुरुवात केली.